आत्तीचा पांढऱ्या रश्श्याचा मेसेज इंग्लिशमध्ये करायचाय, "मूठभर"चं काय लिहू?

मंगळवारपेठकर

नमस्कार मंडळी, मदत पाहिजे. माझा थोरला भाऊ इंग्लंडात लीड्सला असतो, वहिनी तिथलीच, तिला मराठी बोललेलं थोडंफार कळतं पण वाचता येत नाही. गेल्या वेळी दोघं कोल्हापूरला आले तेव्हा आत्तीच्या हातचा पांढरा रस्सा तिला इतका आवडला की आता घरी करायचाच म्हणून बसलीय. आत्तीनं फॅमिली ग्रुपवर रेसिपी पाठवली आणि भावानं ती माझ्याकडे ढकलली, की तूच नीट इंग्लिश करून दे, मला स्वयंपाकातलं काही कळत नाही. मला इंग्लिश येतं, मटण पण येतं, पण हा मेसेज बघा, यातलं निम्मं कसं लिहायचं तेच कळंना. जसाच्या तसा टाकतोय:

"हां बाळा ऐक, सुनंला सांग अजिबात घाबरायचं नाही, पांढरा लई सोपा असतोय. अर्धा किलो मटण घ्या नळी बिळी असलेलं, नुसतं बोनलेस नको त्याला चवच नसती. कुकरात जरा तेल, तमालपत्र, दोन लवंगा, दालचिनी बोटभर, मुठीएवढा एक कांदा, आलं दोन पेरं आन् लसणाचा एक गड्डा ठेचून. मटण परतून घ्यायचं, मीठ आपलं नेहमीसारखं, मग मटण बुडून वर चार बोटं पाणी आन् चार शिट्ट्या. आळणी गाळून बाजूला. तवर मूठभर काजू आन् मूठभर खसखस भिजत टाकलेली असती ती गंधासारखी वाटायची, खसखशीची मूठ आवळून घ्या बरं का, सैल नको. मी तर अंदाजानंच घालतो कधी मोजलं न्हाई. मग पळीभर तूप, वेलची दोन, हिरव्या मिरच्या उभ्या चिरून, त्यात वाटण परतायचं, लाल करायचं नाही, रंग गेला की पांढरा कसला तो. आळणी घाला, मोठी वाटी भरून नारळाचं दूध घाला, आन् मग कढ येऊ द्या पण उकळू देऊ नका, फुटतंय. झालं. तुझ्या आईला म्हणावं फोन कर."

यात मूठ तीन ठिकाणी आहे आणि तिन्ही वेगळ्या वाटतात मला. बोटं पण दोन प्रकारची. गूगलला टाकून बघितलं तर फिस्टफुल असं आलं, वहिनी काय समजणार त्यातनं. कुणी असलं काम केलंय का?

पुण्याचा_पाहुणा

एक शंका, "मी तर अंदाजानंच घालतो" लिहिलंय म्हणजे हा मेसेज आत्याच्या यजमानांनी लिहिलाय का? मग मापं आत्यालाच विचारा, त्यांना खरी माहीत असतील.

बाकी पांढऱ्यापेक्षा तांबडा सोपा, मी देतो, अर्धा किलो मटण, दोन चमचे कांदा-लसूण मसाला, भाजलेलं सुकं खोबरं...

मंगळवारपेठकर

दादा, आत्तीच आहे. आमच्याकडं बायका पण येतो जातो करतो असंच बोलतात, आई पण तसंच बोलते. आणि रेसिपी आहे माझ्याकडे, ती इंग्लिशमध्ये कशी लिहायची ते विचारतोय.

डाएट_इंजिनियर

एवढं अवघड नाहीये. एक मूठ म्हणजे पाव कप, हे स्टँडर्ड आहे, डाएटचे तक्ते पण असंच सांगतात. कप म्हणजे २४० मिली. मूठभर काजू पाव कप, मूठभर खसखस पाव कप, मोठी वाटी म्हणजे एक कप, पेर म्हणजे एक इंच, पळी म्हणजे दोन टेबलस्पून. कपात सगळं लिहून टाक, इंग्लिशमध्ये कपच चालतात.

जोखूनमापून

मी गेली काही वर्षं एका प्रकाशकासाठी मराठी पाककृती इंग्लिशमध्ये करून, करून बघून, मापं लावून देते, त्यामुळे हा मेसेज बघून हात शिवशिवले. डाएट_इंजिनियर, तुमचं पेर बरोबर आहे, बोटाचं एक पेर म्हणजे साधारण अडीच सेंटिमीटर धरायला हरकत नाही. पण पाव कपाचं जरा थांबा.

मुठीत काय आहे यावर मूठ ठरते. काजू घेतले तर बोटांच्या मध्ये पोकळी राहते, वर चार काजू टेकून बसतात, मूठ बंदच होत नाही धड. खसखस घेतली तर ती बोटांच्या फटीतनं सांडते, म्हणून माणूस आपोआप कमी घेतो आणि आवळून धरतो. आत्तींनी ते स्वतःहून लिहिलंय बघा, "आवळून घ्या, सैल नको", ही सूचना काजूला नाही फक्त खसखशीला आहे. म्हणजे त्यांच्या डोक्यात दोन वेगळी मापं आहेत आणि शब्द एकच आहे. त्यात हात कुणाचा हा प्रश्न वेगळाच. तुमची मूठ आणि आत्तींची मूठ यात दीडपट फरक सहज निघेल.

आणि "मुठीएवढा कांदा" हे तर भरायचं माप नाहीच, तो आकार आहे. तिथे इंग्लिशमध्ये वन लार्ज अनियन लिहा, साधारण २०० ग्रॅम, संपलं. तिकडचे कांदे मोठेच असतात, एकच पुरतो.

दुसरं, कपात लिहू नका. अमेरिकेला लिहिलं असतं तर कप. इंग्लंडात घरोघरी किचनचा वजनकाटा असतो आणि त्यांची आजची पुस्तकं ग्रॅम आणि मिलीमध्येच असतात, चमचे तेवढे टीस्पून टेबलस्पून, ५ आणि १५ मिलीचे. ऑस्ट्रेलियात टेबलस्पून २० मिलीचा असतो, तिकडे पाठवायचं असतं तर तेही सांभाळायला लागलं असतं.

शेंगदाणा_चटणी

आमच्या सासूबाईंचं पण असंच, शेंगाच्या चटणीला "बचकभर शेंगा" म्हणतात आणि बचक म्हणजे किती विचारलं की हात दाखवतात. मी सोलापूरची, माझी चटणी दर वेळी तिखट होते कारण त्यांची चिमूट तीन बोटांची आणि माझी दोन बोटांची. बचकभर म्हणजे किती कुणी सांगेल का?

जोखूनमापून

शेंगदाणा_चटणी, बचक म्हणजे पंजा पसरून, बोटं वाकवून उचलता येईल तेवढं. पसा म्हणजे एका हाताचा उघडा खोलगट तळवा भरून, ओंजळ म्हणजे दोन्ही हातांची. मूठ बंद. त्यामुळे शेंगांची बचक मुठीपेक्षा बरीच मोठी होणार. पण किती ग्रॅम ते तुमच्या सासूबाईंच्याच हातानं काढा, रीत खाली सांगते तीच.

मंगळवारपेठकर, तुम्ही कोल्हापुरातच आहात ना, आत्ती जवळ राहतात का? असतील तर त्यांना मूठ भरून दाखवा म्हणू नका. दाखवायला सांगितलं की माणूस नीट, मोठी, आदर्श मूठ भरून दाखवतो, स्वयंपाक करताना तसं घेत नाही. त्याऐवजी त्या रस्सा करणार असतील त्या दिवशी काजूचा डबा आणि खसखशीचा डबा आधी काट्यावर ठेवून वजन लिहून घ्या, त्यांना नेहमीसारखं करू द्या, आणि झाल्यावर डबे परत वजन करा. जेवढं कमी झालं तेवढी त्यांची मूठ. मिठाचा डबा पण असाच. तूप पळीनं घेतात ना, तर त्या रिकाम्या पळीचं वजन करा, मग त्यात पाणी भरून वजन करा, पाण्याचे जितके ग्रॅम तितके मिली. वाटीचं पण तसंच.

मंगळवारपेठकर

हे भारी आहे. आत्ती दोन गल्ल्या सोडूनच राहते. रविवारी मटण असतंच, काटा माझ्याकडं आहे मोबाईल रिपेअरिंगचा, पण तो नको, बायकोचा केकचा आहे तो नेतो.

खानावळवाली

मी राजारामपुरीत खानावळ चालवत होते, आता मुलगा बघतो. रविवारी बघायला जाणार आहात तर कुकरची शिट्टी बघा, मुठीपेक्षा शिट्टीनं जास्त घोळ होतो. चार शिट्ट्या लिहिलंय पण कुठल्या गॅसवर ते लिहिलेलं नाही. मोठ्या गॅसवर चार शिट्ट्या दहा मिनिटांत होतात आणि बोकडाचं मटण त्यात शिजत नाही, कातड्यासारखं राहतं. माझा अंदाज, आत्ती पहिली शिट्टी मोठ्या गॅसवर घेतात आणि नंतर बारीक करतात, म्हणून चारात होतं. बाया हे सांगत नाहीत कारण त्यांना वाटतं हे कुणालाही माहीत असतं.

शिवाय तिकडच्या कुकरला शिट्टीच नसते म्हणे.

जोखूनमापून

खानावळवाली ताई, शंभर टक्के. तिकडच्या बऱ्याच कुकरला वजनाची शिट्टी नसते, एक दांडी वर येते आणि ती वर आली की प्रेशर भरलं, मग गॅस कमी करून तेवढ्यावर धरायचं. शिट्टीची संख्या तिकडे लिहून उपयोगच नाही. पहिल्या शिट्टीपासून गॅस बंद करेपर्यंत किती मिनिटं गेली ते घड्याळ लावून घ्या, आणि इंग्लिशमध्ये लिहा, कुक फॉर इतकी मिनिट्स आफ्टर फुल प्रेशर इज रीच्ड, देन लेट द प्रेशर ड्रॉप ऑन इट्स ओन. शेवटचं विसरू नका, वाफ लगेच सोडली तर आत आळणी फसफसून उकळते आणि मटण पण आखडतं.

परदेशी_भाऊ

मी बर्मिंगहॅमला असतो, वहिनींच्या बाजूचं दोन गोष्टी सांगतो. मटण म्हणून लिहू नका, इथं मटण म्हणजे म्हातारी मेंढी आणि साध्या दुकानात बहुतेक वेळा लॅम्बच मिळतं. गोट, बोन-इन असं लिहा आणि हलाल बुचरकडे मागायला सांगा, तिथं मिळतं आणि कापून पण देतात.

दुसरं, खसखस. पॉपी सीड्स लिहिलं तर त्या सुपरमार्केटात जातील आणि तिथं जी मिळते ती निळसर काळी असते, ब्रेडवर लावतात ती. तिचा रस्सा राखाडी होईल. व्हाइट पॉपी सीड्स असं ठळक लिहा, इंडियन ग्रोसरीत मिळते.

पुण्याचा_पाहुणा

लॅम्ब अगदीच परकं नाही बरं का, आमच्याकडे बोल्हाईचं मटण खाणारी घरं आहेत, ते मेंढीचंच असतं, बोकड चालतच नाही त्यांना. लॅम्ब घेतलं तर काय होईल?

खानावळवाली

होईल की, पण लॅम्ब लवकर शिजतं, वेळ कमी करायला लागणार, आणि चरबी जास्त सुटते. आळणी गाळून थंड केली की चरबी वर गोठते ती चमच्यानं काढायची, नाहीतर पांढऱ्यावर पिवळा थर येतो.

डाएट_इंजिनियर

खसखशीबद्दल एक भर, दुबईला कुणी नेणार असेल तर नेऊ नका, तिथं खसखस बंदी आहे, लोक अडकलेत. इंग्लंडात प्रॉब्लेम नाही.

जोखूनमापून

हे बरोबर आणि महत्त्वाचं आहे. आखाती देशात पाठवायची पाककृती असेल तर खसखस काढून काजू वाढवायचे, दुसरा मार्ग नाही.

आता "आळणी" बद्दल. कुणीतरी याचं इंग्लिश अनसॉल्टेड ब्रॉथ करेल म्हणून आधीच सांगते. कोल्हापुरात आळणी म्हणजे मसाला, तिखट न घातलेलं मटणाचं पाणी, त्यात मीठ असतंच, आत्तींनी लिहिलंय पण की मीठ नेहमीसारखं. बिनमिठाचं शिजवलं आणि शेवटी मीठ घातलं तर मटण आतून फिकं राहतं. प्लेन गोट ब्रॉथ किंवा नुसतं द स्टॉक लिहा.

मंगळवारपेठकर

रविवार झाला, आता सगळं सविस्तर सांगतो.

सकाळी जाऊन डबे वजन करून ठेवले आणि आत्तीला फक्त एवढं सांगितलं की मी बघायला आलोय, तू कर. ती बोलत बोलत करत राहिली. काजू ३२ ग्रॅम गेले. खसखस २७ ग्रॅम. म्हणजे जोखूनमापून ताई म्हणाल्या तसंच, मूठ एकच पण काजूची जड भरली. घरी येऊन खसखस चमच्यानं मोजली तर सपाट टेबलस्पून ९ ग्रॅमच्या आसपास बसला, म्हणजे तीन टेबलस्पून. माझ्या मुठीनं खसखस घेऊन बघितली तर ४० च्या वर गेली, तेवढी घातली असती तर रस्सा खिरीसारखा झाला असता.

पळी पाण्यानं ३५ मिली निघाली पण आत्तीनं तूप काठोकाठ घेतलं नाही, घट्ट तूप काढून साधारण दोन टेबलस्पून. मोठी वाटी म्हणते ती २८० मिलीची आहे, मला वाटलं होतं त्यापेक्षा बरीच मोठी, लग्नातली पितळेची आहे.

खानावळवाली ताई तुम्ही अगदी बरोबर. पहिली शिट्टी मोठ्या गॅसवर, मग लगेच बारीक, उरलेल्या तीन बारीकवर. पहिल्या शिट्टीपासून बंद करेपर्यंत २१ मिनिटं. विचारलं हे लिहिलं का नाहीस तर म्हणाली, "बारीक न करता कोण शिजवतंय रे मटण."

चार बोटं पाण्याचं पण मोजलं. तिचा कुकर उभा अरुंद आहे, त्यात चार बोटं म्हणजे सगळं मिळून १ लिटर २०० मिली पाणी लागलं. घरी माझ्या पसरट कुकरात तेवढंच मटण ठेवून चार बोटं भरली तर दोन लिटरला टेकत होतं.

जोखूनमापून

वा, सुंदर काम केलंत. पाण्याचा मुद्दा फार छान सापडला. इंग्लिश रेसिपीत कव्हर बाय अॅन इंच असं सर्रास लिहितात आणि ते चालतं, कारण तिथे पाणी नंतर ओतून टाकायचं असतं किंवा आटवायचं असतं. इथे पाणी म्हणजेच रस्सा आहे, कमी जास्त झालं की वाटणाचं प्रमाण बिघडलं. म्हणून बोटं काढून टाका आणि १.२ लिटर लिहा. इलेक्ट्रिक प्रेशर कुकर असेल तर त्यातनं वाफ जवळजवळ जातच नाही, तिथे १ लिटर पुरे, आणि प्रेशर पण जरा कमी असतं म्हणून मिनिटं थोडी जास्त, २५ ते ३०.

लसणाचा गड्डा वजन केलात का? आपला गावठी गड्डा बारीक पाकळ्यांचा, तिकडची एक पाकळी आपल्या तीन-चार पाकळ्यांएवढी.

मंगळवारपेठकर

सोललेला २२ ग्रॅम भरला.

परदेशी_भाऊ

मग इथल्या चार-पाच पाकळ्या. होल हेड लिहिलं असतं तर दुप्पट तिप्पट लसूण पडला असता, आणि पांढऱ्यात लसूण पुढं आलेला चालत नाही.

खानावळवाली

हळद घातली का आत्तींनी आळणीत? आम्ही चिमूटभर घालायचो, मटणाचा वास जातो.

मंगळवारपेठकर

नाही घातली. पांढऱ्याला हळद लावायची नाही म्हणाली, तांबड्याची आळणी वेगळी.

खानावळवाली

खानावळीत एकाच आळणीतनं दोन्ही रस्से निघतात त्यामुळं हळद पडतेच, आणि नारळाच्या दुधात ती दिसत नाही. मला अजून वाटतं चिमूटभरानं बिघडत नाही काही.

पुण्याचा_पाहुणा

मी कोल्हापुरात जिथं जिथं खाल्ला तिथं जरा पिवळसरच होता.

जोखूनमापून

हे घराघरावर आहे, मी तरी यात पडत नाही. आत्तींची रेसिपी आहे तर हळद नको लिहा.

आता मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती शेवटच्या ओळीची. "कढ येऊ द्या पण उकळू देऊ नका." आपल्याला हे ऐकून लगेच कळतं, पण इंग्लिशमध्ये हीट थ्रू लिहिलं तर रस्सा कोमट राहील आणि खसखशीचा कच्चा वास जाणार नाही, ब्रिंग टू अ बॉईल लिहिलं तर फुटेल. रविवारी तुम्ही समोर होतात, आत्तींनी नक्की कधी गॅस बंद केला? भांड्यात काय दिसत होतं?

मंगळवारपेठकर

बघितलं की. दूध घातल्यावर गॅस मध्यम होता, आत्ती एकसारखी डाव फिरवत होती, एकाच दिशेनं. आधी कडेनं बारीक बुडबुडे यायला लागले, साबणाच्या फेसासारखे बारीक, मधे काही नाही, नुसतं वरचा पापुद्रा हलल्यासारखा. वाफ यायला लागली तेव्हा तिनं गॅस बारीक केला आणि तसंच पाचेक मिनिटं ठेवलं. मधोमध एक मोठा बुडबुडा फुटला आणि तिनं लगेच बंद केलं. म्हणाली, "मधनं उसळी आली की झालं, आता ठेवलं तर फुटलं." केकच्या काट्याबरोबर बायकोचं थर्मामीटर पण नेलं होतं, बंद करताना ८९ दाखवत होतं.

जोखूनमापून

अगदी हेच पाहिजे होतं. ब्रिंग स्लोली टू अ बेअर सिमर, स्टरिंग ऑल द टाइम, होल्ड फॉर फाइव्ह मिनिट्स विथ स्मॉल बबल्स ओन्ली अराउंड द एज, अँड टर्न ऑफ अॅज सून अॅज अ बबल ब्रेक्स इन द मिडल. आकड्यात थर्मामीटरवाल्यांसाठी ९० सेल्सिअसच्या खाली. असं लिहिलं की त्या समोर बघून ठरवू शकतात.

फुटण्याचं कारण पण एका ओळीत घाला, कारण कळलं की माणूस सांभाळतो. नारळाच्या दुधात तेल आणि पाणी प्रोटीनच्या आधारानं एकत्र असतं, जोरात उकळलं की ते प्रोटीन आखडतं आणि तेल वेगळं होऊन वर येतं, खाली दाणे दाणे दिसतात. खसखस काजूचं वाटण नीट गुळगुळीत असेल तर ते थोडं धरून ठेवतं, म्हणून वाटण महत्त्वाचं. आणि दूध थंडगार घालू नका, एका वाडग्यात दूध घेऊन त्यात दोन डाव गरम आळणी मिसळायची आणि मग ते पातेल्यात.

परदेशी_भाऊ

इथं टिनचं दूध वापरणार ना त्या. टिन ४०० मिलीचे असतात आणि बऱ्याच ब्रँडमध्ये गम घातलेला असतो त्यामुळे ते ताज्यापेक्षा कमी फुटतं. पण दाट पण जास्त असतं. २८० मिली टिनमधलं सरळ घातलं तर चव जड होईल असं वाटतं.

मंगळवारपेठकर

आत्तीचं दूध पहिलंच होतं, घट्ट. दुसरं तिनं वाटण मिक्सरमधनं काढायला वापरलं.

परदेशी_भाऊ

मग २०० मिली टिनचं आणि ८० मिली पाणी असं सुरुवातीला करा म्हणावं. हे मी माझ्या अनुभवानं सांगतोय, ब्रँडप्रमाणं बदलेल.

जोखूनमापून

माझ्या मते टिनचं पूर्ण २८० पण चालेल, आधी २०० घालून चव बघून वाढवा असं लिहा. लाइट कोकोनट मिल्क मात्र नको म्हणून लिहाच.

"गंधासारखं" चं काय केलंत?

मंगळवारपेठकर

अजून अडलोय. स्मूद पेस्ट लिहिणार होतो.

जोखूनमापून

स्मूद पेस्ट प्रत्येक रेसिपीत असतं आणि काजूची पेस्ट दोन मिनिटांत स्मूद दिसते, पण खसखस आत तशीच अख्खी असते. तिकडचे ब्लेंडर मोठ्या भांड्याचे, बारीक दाणा पात्यांखालनं निसटतो. लिहा की खसखस आधी कोरडीच कॉफी किंवा स्पाइस ग्राइंडरमधनं फिरवून घ्या, मग गरम पाण्यात काजूबरोबर अर्धा तास भिजवा आणि त्याच पाण्यात वाटा. ओळखायचं कसं, तर वाटण दोन बोटांत चोळून बघायचं, रवाळ लागलं तर अजून फिरवायचं. हीच आत्तींची गंधाची खूण आहे, सहाणेवरचं गंध बोटाला लागतं तसं.

मंगळवारपेठकर

हे सगळं घालून मजकूर तयार केला. इथं मराठी अक्षरात मुख्य भाग टाकतोय, बघून सांगा.

गोट ५०० ग्रॅम, बोन-इन, मॅरो बोनसकट. वन लार्ज अनियन, २०० ग्रॅम, चॉप्ड. जिंजर ५ सेंटिमीटर पीस. गार्लिक २२ ग्रॅम पील्ड, म्हणजे चार-पाच लार्ज क्लोव्ह्ज. फाइन सॉल्ट दीड टीस्पून (डबा ९ ग्रॅम कमी झाला होता). वॉटर १.२ लिटर. कॅश्यूज ३२ ग्रॅम, व्हाइट पॉपी सीड्स तीन लेव्हल टेबलस्पून, २७ ग्रॅम, नॉट द ब्लू वन्स. घी दोन टेबलस्पून. ग्रीन चिलीज तीन, स्लिट. कोकोनट मिल्क २०० ते २८० मिली, फुल फॅट. बाकी कृती तुम्ही सांगितली तशी, परतायच्या ठिकाणी फ्राय न लिहिता कुक जेंटली, डोन्ट लेट इट टेक एनी कलर असं केलंय, साधारण चार मिनिटं, तूप कडेनं दिसायला लागेपर्यंत.

डाएट_इंजिनियर

३२ ग्रॅम काजू कोण मोजणार, ३० कर की.

जोखूनमापून

हे त्यांचं बरोबर आहे. ३० काजू, २५ खसखस किंवा तीन टेबलस्पून. आत्ती पुढच्या रविवारी वेगळंच घालतील, एवढ्या अचूक आकड्यानं वाचणाऱ्याला वाटतं की दोन ग्रॅमनं रस्सा बिघडेल. लसूण २०, मीठ दीड टीस्पून ठीक. पाणी, मिनिटं आणि मीठ मात्र गोल करू नका.

मिरची कुठली होती? तिकडच्या जाड हिरव्या मिरच्या तिखट नसतात.

मंगळवारपेठकर

लवंगी होती, बारीक.

परदेशी_भाऊ

इथं इंडियन दुकानात बारीक हिरव्या मिळतात, फिंगर चिलीज म्हणून, पण तिखटपणा दर वेळी वेगळा. वहिनींना सांगा एक चावून बघा आणि मग ठरवा.

शेंगदाणा_चटणी

मी सासूबाईंचा शेंगदाण्याचा डबा वजन करून ठेवलाय, त्यांना सांगितलेलं नाही. पण तिखटाची चिमूट कशी मोजू, काट्यावर दिसतच नाही.

जोखूनमापून

साधा किचनचा काटा एक-दोन ग्रॅमला धड हलत नाही. त्यांच्या दहा चिमटी एका वाटीत घ्यायला लावा आणि एकदम वजन करून दहानं भागा. चमच्यात पण तसंच, दहा चिमटीनं टीस्पून किती भरला ते बघा.

मंगळवारपेठकर

वहिनीला पाठवलं. तिचा लगेच उलटा प्रश्न आला, की तिच्याकडं इंडक्शनची शेगडी आहे, कडेला बुडबुडे कसे दिसणार, तिथं तळ मधेच तापतो आणि बुडबुडे आधी मधनंच येतात. याला काय सांगू?

परदेशी_भाऊ

खरंय, माझ्याकडं पण इंडक्शन आहे. लहान रिंगवर मोठं पातेलं ठेवलं की मधनं उकळतं. पातेल्याच्या बुडाएवढी रिंग घ्यायची, जाड बुडाचं पातेलं, आणि पॉवर चार-पाचवर. तरी पण मी कडेची खूण न बघता थर्मामीटरच लावतो.

खानावळवाली

थर्मामीटर नसेल तर डाव उचलून बघा म्हणावं. डावाच्या पाठीला रस्सा सगळीकडं सारखा चिकटला की दाट झालाय, आणि पातेल्यावर हात धरला की वाफ भाजते. तेवढ्यावर बंद करायचं, बुडबुड्याची वाट बघायची नाही.

मंगळवारपेठकर

दोन्ही लिहून पाठवतो. ती शनिवारी करणार आहे, फुटला का नाही ते इथं सांगतो.